पित्ताला इंग्रजीत काय म्हणायचं? दवाखान्यात पहिला फोन करण्यापूर्वी

आमच्या दांडिया बाजारात डॉक्टरांकडे जायला फोन लागतच नाही. घरातलं कुणीतरी सकाळी दूध आणायला जाताना नंबर लावून येतं, कंपाउंडर वहीत नाव लिहितो आणि अकराच्या सुमारास आपण जाऊन बाकावर बसतो. फोन केलाच तर पलीकडून "आवी जाव ने, बेन" एवढंच उत्तर येतं. म्हणून वडोदऱ्याहून लग्न करून इंग्लंडमध्ये लेस्टरला गेलेल्या मुलीला दवाखान्याला फोन लावायची पहिली वेळ येते तेव्हा तिचे हातपाय गार पडतात. इंग्रजी तिला येत असतं. बारावीपर्यंत शिकलेली असते, मालिका बघते, नवऱ्याच्या मित्रांशी बोलते. पण समोर चेहरा नाही, आवाज भरभर येतोय आणि विषय आपल्या शरीराचा, तिथे घोडं अडतं.

दुपारी माझ्या घरी चार-पाच जणी शिकायला येतात. बहुतेक जणी नवऱ्याच्या व्हिसावर इंग्लंडला निघालेल्या असतात. त्यांच्यासाठी मी या एका फोनचा संवाद बांधून ठेवला आहे, तोच इथे देते. सगळं इंग्रजी मुद्दाम देवनागरीत लिहिलंय, कारण हे वाचायचं नाही, तोंडाने म्हणायचं आहे.

फोन हातात घेण्याआधी

तिथे ताप-खोकल्यापासून गुडघेदुखीपर्यंत सगळ्यासाठी आधी जीपीकडे जावं लागतं. जीपी म्हणजे आपला नेहमीचा फॅमिली डॉक्टर. त्याच्या दवाखान्याला तिथे 'सर्जरी' म्हणतात. हा शब्द पहिल्यांदा ऐकून एकीच्या सासूबाईंनी इथे देव पाण्यात ठेवले होते, सुनेचं ऑपरेशन आहे असं समजून. 'कम टू द सर्जरी ॲट टेन' म्हणजे दहा वाजता दवाखान्यात या, बस.

अपॉइंटमेंट मागण्याआधी त्या दवाखान्यात नाव नोंदवलेलं असावं लागतं. नोंदणीला पैसे पडत नाहीत आणि डॉक्टरांना भेटायची फीही नसते. त्यामुळे आपल्या सवयीने "फी किती?" विचारू नका, समोरची बाई गोंधळते. नोंदणी झाली नसेल तर तेवढंच आधी सांगायचं: "आय ॲम न्यू हिअर. आय वुड लाइक टू रजिस्टर, प्लीज."

आता एक कागद घ्या. त्यावर आपलं नाव स्पेलिंगसकट, जन्मतारीख, घराचा नंबर आणि रस्ता, पोस्टकोड, मोबाइल नंबर लिहा. खाली एका ओळीत तक्रार लिहा. वरचं सगळं दोन मिनिटांत होतं. ती शेवटची ओळ मात्र अर्धा तास खाते.

तक्रारीची ओळ

आपल्या घरात सगळ्यात जास्त होणारा आजार म्हणजे पित्त. शब्दकोशात पित्त बघितलं तर 'बाइल' सापडतं. पण "आय हॅव बाइल" म्हटलं तर ऐकणाऱ्याला काही कळत नाही. आणि आपण तरी पित्त एकाच गोष्टीला कुठे म्हणतो? जेवल्यावर छातीत जळजळतं, आंबट पाणी वर येतं, तेही पित्त. अंगावर लाल गांधी उठतात, खाज सुटते, तेही पित्त. सकाळी डोकं ठणकतं आणि उलटी झाल्यावर उतरतं, तेही पित्तच. इंग्रजीत या तिन्हींना एक शब्द नाही. पहिल्याला 'हार्टबर्न', दुसऱ्याला 'हाइव्ह्ज' किंवा 'ॲन इची रॅश', तिसऱ्याला 'अ हेडेक विथ व्हॉमिटिंग'. म्हणून फोन करण्याआधी स्वतःलाच विचारायचं, की पित्त हा शब्द न वापरता मला काय होतंय?

'ॲसिडिटी' हा आपला लाडका इंग्रजी शब्दही तिकडे फारसा चालत नाही. ते 'हार्टबर्न' किंवा 'इनडायजेशन' म्हणतात.

यात एक खड्डा फार खोल आहे. आपण सहज म्हणतो, "छातीत जळजळतंय." माझ्याकडे शिकून गेलेल्या एकीने तिकडून फोन लावला आणि घाबरून याचं भाषांतर केलं, "आय हॅव चेस्ट पेन." पलीकडच्या बाईंचा आवाजच बदलला. घाम येतोय का, दम लागतोय का, दुखणं हातात किंवा जबड्यात जातंय का, अशी प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली आणि हिला वाटलं आपण काहीतरी चुकीचं बोलून बसलो. त्या बाईंचं काही चुकलं नव्हतं. 'चेस्ट पेन' हे शब्द कानावर पडले की हृदयविकाराचा झटका आहे का हे आधी तपासणं हे त्यांचं कामच आहे.

म्हणून फरक नीट समजून घ्या. जेवणानंतर जळजळ होते, आडवं झाल्यावर वाढते, घशाशी आंबट येतं, तर ते हार्टबर्न. छाती आवळल्यासारखी, दाबल्यासारखी वाटते, दुखणं हात, मान, जबडा किंवा पाठीकडे पसरतं, सोबत घाम येतो किंवा श्वास अडतो, तर अपॉइंटमेंटचा फोन करायचाच नाही. सरळ तातडीच्या मदतीचा ९९९ नंबर लावायचा आणि तिथे "चेस्ट पेन" हेच शब्द म्हणायचे. शब्द चुकेल या भीतीने खरं छातीत दुखणं कुणी 'हार्टबर्न' म्हणून सांगू नये.

दुखण्याचे बाकीचे शब्दही याच रीतीने जुळवून ठेवा. मराठी या बाबतीत श्रीमंत आहे. पोटात मुरडा येतो त्याला 'क्रॅम्प्स'. ठणका म्हणजे 'थ्रॉबिंग'. चमक निघते ती 'अ शार्प पेन'. नुसतं दुखत राहतं ते 'अ डल एक'. जुलाबाला आपण 'लूज मोशन्स' म्हणतो, तिथे 'डायरिआ' म्हणावं. 'शुगर' आणि 'बीपी' म्हणू नका, 'डायबिटीस' आणि 'हाय ब्लड प्रेशर' म्हणा.

किती दिवस होतंय ते सांगताना आपण 'पासून'चं भाषांतर करून 'सिन्स थ्री वीक्स' म्हणतो. तिथे 'फॉर थ्री वीक्स' हवं. चुकलं तरी अर्थ पोचतो, त्यावर रडत बसू नका. पण 'फॉर'ची सवय लागली तर बरं.

आपल्या कागदावरची ओळ अशी तयार झाली: "आय हॅव हॅड हार्टबर्न आफ्टर मील्स फॉर थ्री वीक्स." जेवणानंतर, तीन आठवडे, जळजळ. तीन आठवडे मी उगाच घेतले नाहीत. बहुतेक रोज जळजळ होत असेल आणि तीन आठवडे उलटले असतील तर डॉक्टरांना दाखवावं, असा तिथल्या आरोग्यसेवेचाच सल्ला आहे.

फोन लावल्यावर

दवाखान्याचे फोन साधारण सकाळी आठला सुरू होतात. त्याच दिवशीची वेळ हवी असेल तर आठच्या ठोक्याला लावावा लागतो, कारण अख्खं गाव तेव्हाच लावत असतं. पण तीन आठवड्यांची जळजळ काही आजच्या आज दाखवायची नाही. तेव्हा सकाळची गर्दी ओसरल्यावर लावा, बाईही जरा निवांत बोलतात.

आधी रेकॉर्ड केलेला आवाज येतो. त्यात 'फॉर अपॉइंटमेंट्स, प्रेस वन' असं काहीतरी असतं. नंतर 'यू आर नंबर सिक्स इन द क्यू' ऐकू येईल. हा आपला नंबर लावण्याचाच प्रकार, फक्त बाक नाही. फोन ठेवू नका, ठेवला की पुन्हा मागे.

नमुन्यासाठी नाव घेतलंय मेधा वैद्य. आपलं घालून म्हणा.

रिसेप्शनिस्ट: गुड मॉर्निंग, हाउ कॅन आय हेल्प?

मेधा: गुड मॉर्निंग. कुड आय बुक ॲन अपॉइंटमेंट विथ अ डॉक्टर, प्लीज?

"आय वॉन्ट अपॉइंटमेंट" म्हणू नका. मराठीत "मला अपॉइंटमेंट हवी होती" यातलं 'होती' जे काम करतं, ते तिकडे 'कुड आय' आणि 'प्लीज' करतात.

रिसेप्शनिस्ट: कॅन आय टेक युअर नेम अँड डेट ऑफ बर्थ?

मेधा: मेधा वैद्य. माय सरनेम इज व्ही फॉर व्हिक्टर, ए फॉर ॲपल, आय फॉर इंडिया, डी फॉर डॉग, वाय फॉर येलो, ए फॉर ॲपल. डेट ऑफ बर्थ, फोर्टीन्थ ऑफ मार्च, नाइन्टीन नाइन्टी-वन.

'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांची आपल्या तोंडात गल्लत होते, आणि फोनवर 'बी', 'डी', 'पी' सगळी एकसारखीच ऐकू येतात. म्हणून प्रत्येक अक्षराला शब्द जोडायचाच, आणि तो घरात आधी ठरवून ठेवायचा. आयत्या वेळी 'डी' साठी शब्द सुचत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने घाईत "डी फॉर दांडिया" म्हटलं होतं. लेस्टरला नवरात्र एवढी जोरात असते की ते तिथे कळलंही असतं, पण भरवसा नको.

रिसेप्शनिस्ट: अँड द फर्स्ट लाइन ऑफ युअर ॲड्रेस?

म्हणजे फक्त घराचा नंबर आणि रस्त्याचं नाव. आपल्यासारखं 'अमक्या मंदिरामागे, तमक्या दुकानासमोर' सांगायचं नाही. ते झालं की पोस्टकोड विचारतील, तोही अक्षर-आकडा सुटा करून सांगा.

रिसेप्शनिस्ट: अँड द बेस्ट नंबर टू रीच यू ऑन?

मेधा: ओ सेव्हन सेव्हन डबल ओ, नाइन डबल ओ, वन टू थ्री.

शून्याला तिकडे बहुधा 'ओ' म्हणतात. हा नंबर कुणाचा असेल अशी काळजी नको. ०७७०० ९०० ने सुरू होणारे मोबाइल नंबर तिथल्या दूरसंचार नियामकाने नाटक-सिनेमात वापरण्यासाठी राखून ठेवलेले आहेत.

रिसेप्शनिस्ट: कॅन आय आस्क व्हॉट इट्स रिगार्डिंग?

इथे बऱ्याच जणींना राग येतो. "ही कोण डॉक्टर लागून गेली? हिला कशाला सांगू?" पण त्या बाईंना ठरवायचं असतं, की आज दाखवायला हवं की पुढच्या आठवड्यात चालेल, डॉक्टर हवेत की नर्स की औषधाचं दुकानच पुरे. मोकळेपणाने सांगा. खरंच अवघड विषय असेल तर "इट्स अ पर्सनल प्रॉब्लेम, कॅन आय सी अ फीमेल डॉक्टर, प्लीज?" म्हणायला काही हरकत नसते.

मेधा: येस. आय हॅव हॅड हार्टबर्न आफ्टर मील्स फॉर थ्री वीक्स.

रिसेप्शनिस्ट: एनी चेस्ट पेन?

मेधा: नो. जस्ट बर्निंग, आफ्टर फूड.

रिसेप्शनिस्ट: एनी ट्रबल स्वॉलोइंग? हॅव यू बीन सिक?

हा शेवटचा प्रश्न सापळा आहे. आपण मनात म्हणतो, आजारी आहे म्हणून तर फोन केला, आणि उत्तर देतो "येस". पण तिकडे 'बीन सिक' म्हणजे उलटी झाली का. गिळताना अन्न अडकतंय का, सारखी उलटी होते का, वजन आपोआप घटतंय का, या गोष्टींवर डॉक्टरांनी किती लवकर बघायचं ते ठरतं. चुकीचं 'येस' गेलं तर उगाच धावपळ, आणि होत असूनही 'नो' गेलं तर उशीर.

मेधा: नो, आय हॅव नॉट व्हॉमिटेड. स्वॉलोइंग इज फाइन.

रिसेप्शनिस्ट: बेअर विथ मी.

म्हणजे जरा थांबा, मी बघते. शांतता पसरते, टकटक ऐकू येते. "हॅलो? हॅलो?" करू नका.

रिसेप्शनिस्ट: आय कॅन डू थर्सडे द थर्टीन्थ ॲट हाफ टू. वुड दॅट सूट यू?

'हाफ टू' म्हणजे अडीच. 'हाफ' आणि 'टू' जोडीने ऐकलं की आपलं डोकं आधी दीडकडे पळतं. एक तास आधी जाऊन बसण्यात फार नुकसान नाही म्हणा, पण तासभर ताटकळाल; 'हाफ थ्री'ला अडीच समजलात तरी तेच. सोपी खूण सांगते: 'हाफ'नंतर जो आकडा ऐकू येईल त्याला मनात 'साडे' लावा. हाफ थ्री म्हणजे साडेतीन, हाफ टू म्हणजे 'साडेदोन', म्हणजेच अडीच. 'ट्वेंटी टू टेन' म्हणजे दहाला वीस कमी, नऊ चाळीस. इथला 'टू' हा आकडा नाही.

'थर्टीन्थ' आणि 'थर्टीएथ' यांत तर तिथे जन्मलेल्यांचीही फसगत होते. 'अ फोर्टनाइट' म्हणजे आपला पंधरवडा. 'अ वीक ऑन थर्सडे' म्हणजे हा गुरुवार सोडून पुढचा.

या सगळ्यावर एकच औषध, ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं, आणि दुसऱ्या शब्दांत.

मेधा: लेट मी चेक. थर्सडे, वन थ्री, थर्टीन्थ. टू-थर्टी इन द आफ्टरनून. इज दॅट राइट?

रिसेप्शनिस्ट: दॅट्स इट. इट्स अ टेलिफोन अपॉइंटमेंट, द डॉक्टर विल रिंग यू.

हे कान देऊन ऐका. बऱ्याच वेळा डॉक्टर आधी फोनवर बोलतात. तेव्हा अडीच वाजता दवाखान्यात जाऊन बसायचं नसतं, घरी फोन जवळ ठेवायचा असतो. कळलं नसेल तर विचारा, "डू आय कम टू द सर्जरी, ऑर विल द डॉक्टर कॉल मी?" प्रत्यक्षच भेटायचं असेल तर "कुड इट बी फेस टू फेस, प्लीज?"

मेधा: थँक यू. बाय.

अडलं तर

सगळ्यात वाईट सवय म्हणजे न कळता "येस, येस" म्हणणं. आपल्याकडे समोरच्याला बरं वाटावं म्हणून आपण हुंकार देत राहतो. तिकडे तो हुंकार उत्तर म्हणून लिहून घेतात. त्याऐवजी तीनच वाक्यं पाठ असू द्या. "सॉरी, कुड यू से दॅट अगेन?" "कुड यू स्पीक अ लिटल स्लोअर, प्लीज?" आणि "व्हॉट डज दॅट मीन?"

तरीही भागलं नाही तर दुभाषा मागता येतो, त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत: "कुड आय हॅव अ मराठी इंटरप्रिटर, प्लीज?" मराठीचा मिळायला वेळ लागत असेल तर वडोदऱ्याच्या माणसाकडे हुकमाचा एक्का असतो. लेस्टरमध्ये गुजराती माणसं भरपूर आहेत. "डज एनीवन देअर स्पीक गुजराती?" म्हणून बघा. एकीला पलीकडून "बोलो बेन, शुं थाय छे?" ऐकू आलं आणि तिला म्हणे रावपुऱ्यात असल्यासारखं वाटलं.

कधी उत्तर येतं, "हॅव यू ट्राइड द फार्मसी?" ही टाळाटाळ नाही. तिथला फार्मसिस्ट शिकलेला असतो आणि साध्या जळजळीवर काय घ्यावं ते सांगतो. घसा, कान, बायकांचा लघवीचा साधा जंतुसंसर्ग अशा सात तक्रारींवर तर इंग्लंडमध्ये जानेवारी २०२४ पासून फार्मसिस्ट स्वतःच औषध देऊ शकतात. पण औषध घेऊन झालेलं असेल तर ते सांगा: "येस, आय हॅव ट्राइड मेडिसिन फ्रॉम द फार्मसी. इट डिड नॉट हेल्प." आपण इथून डबाभर गोळ्या नेलेल्या असतातच. त्यांची भारतातली ब्रँडची नावं तिथे कळत नाहीत, पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं मूळ औषधाचं नाव वाचून दाखवा.

रात्री-अपरात्री दवाखाना बंद असेल आणि ९९९ लावण्याइतकं गंभीर नसेल तर १११ वर फोन करायचा. तिथेही हेच प्रश्न येतात आणि दुभाषाही मागता येतो.

सराव

आमच्याकडे दोघींना समोरासमोर बसवून सराव करतच नाही. चेहरा दिसला की ओठ वाचून कळतं आणि आपल्याला आलं असं वाटतं. एक माजघरात, दुसरी गच्चीवर, आणि मोबाइलवर खरा फोन. माजघरातली रिसेप्शनिस्ट होते आणि मी तिच्या हातात चिठ्ठी देते, 'तारीख भरभर सांग' किंवा 'मध्येच बेअर विथ मी म्हणून अर्धं मिनिट गप्प बस'. गच्चीवरचीने फोन झाल्यावर वार, तारीख, वेळ आणि प्रत्यक्ष की फोनवर, हे कागदावर लिहून खाली आणायचं. माजघरातल्या कागदाशी जुळलं नाही तर पुन्हा जिना चढायचा.